लाभांशाची सूचना नव्याने लिहायची आहे, मदत हवी

शर्वाणी_फोंडा (१९ ऑगस्ट २०२५)

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यात आमच्या घराण्याची काजू प्रक्रियेची छोटी खासगी कंपनी आहे. भागभांडवल ४० लाख, म्हणजे १०० रुपयांचे ४०,००० शेअर. भागधारक साठेक. त्यात काका-आत्या आहेत, जुने कामगार आहेत, काहींची मुलं परदेशात आहेत. शेअर अजून कागदावरच आहेत. ऑफिसचं काम यंदापासून माझ्याकडे आलंय. वार्षिक सभा २५ सप्टेंबरला आहे आणि संचालकांनी १२ टक्के लाभांश ठरवलाय.

दरवर्षी भागधारकांना जी सूचना जाते ती अशी:

"सर्व भागधारकांस कळविण्यात येते की, संचालक मंडळाने सन २०२४-२५ करिता १२% लाभांश जाहीर केला असून तो नोंद दिनांकास पात्र असलेल्या भागधारकांना नियमानुसार वजावट करून वॉरंटद्वारे अथवा बँकेद्वारे अदा करण्यात येईल. वॉरंट सहा महिन्यांच्या आत वटवावे. काही हरकत असल्यास कार्यालयाशी संपर्क साधावा."

सूचना गेली की पुढचा महिनाभर फोन थांबत नाहीत. किती मिळणार, कधी मिळणार, का कापले, हेच प्रश्न. एका काकांनी २०१२ साली २५० रुपयांनी शेअर घेतले होते. त्यांना दरवर्षी वाटतं की १२ टक्के म्हणजे आपल्याला शेअरमागे ३० रुपये मिळायला हवेत. ही सूचना अशी लिहायची आहे की वाचणाऱ्याला फोन करावाच लागू नये. चवथीची सुट्टी संपली की छापायला द्यायचं आहे. काय घालू, काय काढू?

---

काणकोणचो

फोन बंद व्हावे म्हणून सूचना सुधारताय? आमच्या आत्याला सूचना कळली तरी ती फोन करणारच, विचारपूस करायला. 😄

पण काकांचं कोडं एका ओळीत सुटेल. टक्केवारी मागे टाका, रुपये पुढे आणा. "प्रत्येक शेअरमागे १२ रुपये." बस.

---

डिचोलीकर

टक्केवारी काढू नका, कायद्याने टक्केवारीच लिहावी लागते. शिवाय नोंद दिनांक ठेवायचा तर सात दिवस आधी एका इंग्रजी आणि एका मराठी पेपरात जाहिरात द्यावी लागते. आमच्या जुन्या कंपनीत देत होते. तो खर्च धरा.

---

रघुवीर_पणजी

शर्वाणी, कंपनी सेक्रेटरी म्हणून अशा सूचना बऱ्याच काढल्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी सगळ्यात मोठी गोष्ट. तुमच्या सूचनेत "संचालक मंडळाने जाहीर केला" असं आहे. अंतिम लाभांश मंडळ जाहीर करत नाही. मंडळ शिफारस करतं, जाहीर करते ती सभा. सभेला तो कमी करता येतो, मंडळाच्या आकड्यापेक्षा वाढवता येत नाही. हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही, कारण पुढच्या सगळ्या मुदती जाहीर झाल्याच्या दिवसापासून मोजतात. २५ सप्टेंबरला सभेने मंजूर केला की पाच दिवसांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, लाभांशाची रक्कम शेड्यूल्ड बँकेत वेगळ्या खात्यात ठेवायची. तुमच्या बाबतीत १२ गुणिले ४०,०००, म्हणजे ४ लाख ८० हजार. तीस दिवसांत, २५ ऑक्टोबरपर्यंत, पैसे भागधारकाला गेले पाहिजेत किंवा वॉरंट, म्हणजे लाभांशाचा चेक, टपालात पडलं पाहिजे. उशीर झाला तर कंपनीला वर्षाला १८ टक्के सरळ व्याज लागतं आणि जाणूनबुजून केलं असेल तर संचालकांवर खटलाही होऊ शकतो. कंपनी कायद्याचं कलम १२७. आता सूचना सभेच्या आधी गेली आणि तिच्यातच "जाहीर केला" असेल, तर एखादा चिडलेला भागधारक त्या कागदावरच्या तारखेपासून दिवस मोजायला बसेल. "शिफारस केली आहे, सभेने मंजूर केल्यास" एवढं लिहा.

डिचोलीकर, जाहिरातीचं तुम्ही म्हणता ते सभासदांचं रजिस्टर बंद ठेवायचं असेल तर लागू होतं. आणि त्यातही खासगी कंपनीने प्रत्येक सभासदाला सात दिवस आधी नोटीस पोचवली असेल तर पेपरातली जाहिरात लागत नाही. तुमची जुनी कंपनी पब्लिक असणार. शर्वाणीला रजिस्टर बंद करायचंच नाही. "या दिवशी रजिस्टरमध्ये नाव असेल त्याला" एवढंच सांगायचं आहे.

टक्केवारी लिहायची कायद्याने सक्ती नाही, ठेवायला हरकतही नाही. पण काणकोणचो म्हणतात तसं रुपये आधी.

---

डिचोलीकर

हो, ती पब्लिक लिमिटेड होती. मान्य.

---

सुमती_मावशी

मी निवृत्त शिक्षिका आहे. यजमानांनी घेतलेले एका छोट्या कंपनीचे शेअर माझ्याकडे आहेत. मला अशी सूचना येते तेव्हा मी ती तीनदा वाचते आणि तरीही माझ्या हातात किती रुपये पडणार ते कळत नाही. सगळ्यांना एकच कागद का? माझे शेअर किती, त्यावर किती, कापणार किती, जमा कुठल्या खात्यात होणार, हे खाली चार ओळींत छापून दिलं तर मला वरचं पत्र वाचायचीही गरज नाही. साठच तर माणसं आहेत.

---

भास्कर_वास्को

माझ्याकडे एका मोठ्या लिस्टेड कंपनीचे शेअर आहेत, डिमॅटमध्ये. जुलैचा डिव्हिडंड अजून आलेला नाही. रेकॉर्ड डेटच्या आदल्या दिवशी विकत घेतले होते. तक्रार कुठे करायची?

---

रघुवीर_पणजी

भास्करबाब, तुमचा विषय वेगळा आहे. बाजारात आज घेतलेले शेअर दुसऱ्या दिवशी डिमॅटला येतात. लाभांशाची एक्स-डेट साधारणपणे रेकॉर्ड डेटच असते, त्यामुळे आदल्या दिवशी घेतले असतील तर हक्क लागायला हवा. मध्ये बँकेची सुट्टी होती का ते पाहा. डिमॅटला जोडलेलं बँक खातं चालू आहे का तेही पाहा. मग त्या कंपनीच्या रजिस्ट्रारला लिहा. वेगळा धागा काढलात तर तिथे उत्तर देतो.

सुमतीताईंची सूचना या धाग्यातली सर्वात कामाची आहे.

---

प्रमिला_म्हापसा

मी बँकेत आहे, म्हणून पैसे भागवण्याच्या भागाबद्दल लिहिते.

"वॉरंट सहा महिन्यांच्या आत वटवावे" हे आधी काढा. १ एप्रिल २०१२ पासून चेक काय नि वॉरंट काय, तारखेपासून तीनच महिने चालतं. सूचनेवर विश्वास ठेवून एखादा माणूस पाचव्या महिन्यात काउंटरवर येतो आणि आम्हाला ते परत करावं लागतं. तो भांडतो आमच्याशी, कारण त्याच्या हातातल्या कागदावर सहा महिने छापलेलं असतं.

दुसरं, "वॉरंटद्वारे अथवा बँकेद्वारे" असं मोघम लिहू नका. कोणाला काय ते ठरवा. खातं नोंदलेलं असेल त्याला थेट खात्यात, नसेल त्याला वॉरंट टपालाने. आणि खात्याची माहिती मागवताना रद्द केलेल्या चेकची प्रत मागवा. नुसते हाताने लिहिलेले आकडे घेऊ नका. शर्वाणी, तुमच्याकडची यादी किती जुनी आहे? २०२० साली सिंडिकेट बँक कॅनरात आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली. गोव्यात या दोन्हींचे खातेदार भरपूर. यादीत आयएफएससी `SYNB` किंवा `CORP` ने सुरू होत असेल तर ते पैसे जाणार नाहीत. तेवढ्या ओळी आजच शोधा आणि त्या माणसांना वेगळा फोन करा.

---

शर्वाणी_फोंडा

प्रमिलाताई, आत्ता यादी उघडून बघितली. `SYNB` वाले सात आणि `CORP` वाले चार सापडले. म्हणजे दरवर्षी जे "पैसे आले नाहीत" म्हणून फोन करतात त्यातले बरेचसे हेच.

रघुवीरबाब, असे पैसे परत आले तर १८ टक्के व्याज आम्हालाच लागणार का?

---

रघुवीर_पणजी

त्याला कायद्यात वाट आहे, पण ती आपोआप मिळत नाही. भागधारकाने दिलेल्या सूचनेप्रमाणे पैसे देणं शक्य झालं नाही आणि *ते त्याला कळवलं*, तर कंपनीचा दोष धरत नाहीत. कळवणं हा त्यातला अर्धा भाग आहे आणि तोच लोक विसरतात. एनईएफटी परत आली की त्याच आठवड्यात पत्र किंवा ईमेल पाठवा. कारण लिहा, त्याची प्रत फाइलला लावा. आणि तीस दिवस संपायच्या आत नोंदलेल्या पत्त्यावर वॉरंट टाकून द्या, म्हणजे प्रश्नच मिटला.

म्हणून २५ ऑक्टोबरपर्यंत थांबू नका. यंदा दिवाळी २० ऑक्टोबरच्या आसपास आहे, त्या आठवड्यात बँका दोन-तीन दिवस बंद. २ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकत्र. ६ ते १० ऑक्टोबरच्या आठवड्यात पैसे सोडा, म्हणजे परत आलेल्यांसाठी दोन आठवडे हातात राहतील. सूचनेतही "लवकरच" असं न लिहिता "१० ऑक्टोबरपर्यंत" लिहा.

तीस दिवसांनंतरही जे उरतील ते पुढच्या सात दिवसांत, म्हणजे १ नोव्हेंबरपर्यंत, न दिलेल्या लाभांशाच्या वेगळ्या खात्यात हलवायचे. तिथे सात वर्षं पडून राहिले तर ते केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातात, आणि सलग सात वर्षं लाभांश घेतलाच नसेल तर शेअरही जातात. ते परत मिळतात, पण अर्ज करून, खूप कागद करून. सूचनेत याबद्दल एकच ओळ असू द्या.

---

अनय_लिस्बन

मी बाहेर राहतो, अशाच एका घरच्या कंपनीत माझे ५०० शेअर आहेत. गेल्या महिन्यात तिथेही १२ रुपयेच होते. ६,००० रुपये मिळायला हवे होते, खात्यात आले ४,७५२. ऑफिसला विचारलं तर म्हणे "नियमानुसार". मी वाचलं होतं की १०,००० पर्यंत टीडीएस नाही. मग माझे का कापले?

---

रघुवीर_पणजी

अनय, कापलेले बरोबर आहेत, सांगितलं मात्र नीट नाही. १०,००० ची मर्यादा फक्त भारतात रहिवासी असलेल्या व्यक्तींना आहे, कलम १९४ खाली. ती १ एप्रिल २०२५ पासून ५,००० वरून १०,००० झाली. अनिवासी माणसाला कलम १९५ लागतं, तिथे मर्यादाच नाही. २० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे २०.८ टक्के. ६,००० चे १,२४८ गेले, उरले ४,७५२. तुमच्या देशाशी असलेल्या करारातला कमी दर हवा असेल तर तिथल्या कर खात्याचा रहिवासाचा दाखला आणि फॉर्म १०एफ पैसे निघायच्या *आधी* कंपनीकडे द्यावा लागतो. आता कापलेलं परत मिळवायचं तर इथे विवरणपत्र भरून.

शर्वाणी, तुमच्याकडे परदेशातली मंडळी आहेत. त्यांच्यासाठी सूचनेत स्वतंत्र परिच्छेद ठेवा. सगळ्यांना एकाच "नियमानुसार" मध्ये बसवलं की असंच होतं.

---

डिचोलीकर

टीडीएसवरून आठवलं. आपल्या गोव्यात नवरा-बायकोचं उत्पन्न अर्धं-अर्धं धरतात. तेव्हा लाभांश १०,००० च्या वर गेला तरी तो दोघांत वाटला की प्रत्येकी १०,००० च्या आत येतो. म्हणजे २०,००० पर्यंत कापायचं कारण नाही. हे सूचनेत लिहिलंत तर भागधारकांचा फायदा होईल.

---

रघुवीर_पणजी

यातलं अर्धं बरोबर आहे. कलम ५अ प्रमाणे, पोर्तुगीज नागरी कायद्याच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखाली जे जोडपं येतं त्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत समान वाटलं जातं. लाभांशही त्यात येतो. पण ही वाटणी विवरणपत्र भरताना होते. टीडीएस कापताना कंपनी रजिस्टर बघते. रजिस्टरमध्ये ज्याचं नाव, त्याचा पॅन, त्याची १०,००० ची मर्यादा. बायकोचं नाव रजिस्टरमध्ये नसेल तर कंपनीच्या लेखी ती भागधारक नाही.

उदाहरण घ्या. शर्वाणीच्या कंपनीत एकाच्या नावावर ९०० शेअर आहेत. लाभांश १०,८००. मर्यादा ओलांडली, म्हणून पूर्ण १०,८०० वर १० टक्के, म्हणजे १,०८० कापले जातील आणि ९,७२० खात्यात येतील. विवरणपत्र भरताना नवऱ्याने ५,४०० आणि बायकोने ५,४०० दाखवायचे. त्यासाठी फॉर्ममध्ये ५अ चं वेगळं परिशिष्ट आहे, तिथे उत्पन्नाबरोबर टीडीएसही अर्धा-अर्धा दाखवतात. म्हणून अशा जोडप्यांना आयटीआर-१ भरता येत नाही. लग्नाआधी वेगळा करार करून मालमत्ता स्वतंत्र ठेवली असेल तर हे लागू होत नाही.

---

प्रमिला_म्हापसा

आमच्याकडे एक जोडपं हेच घेऊन आलं होतं. टीडीएस सगळा नवऱ्याच्या २६एएस या कर खात्याच्या उताऱ्यात आणि उत्पन्न अर्धं बायकोच्या विवरणपत्रात, त्यामुळे तिला क्रेडिट मिळायला अडचण आली. कंपनीला लेखी देऊन अर्धा टीडीएस बायकोच्या पॅनवर दाखवता येतो असं त्यांच्या सीएने सांगितलं.

---

रघुवीर_पणजी

नियम ३७बीए मध्ये तशी सोय आहे. दुसऱ्याच्या उत्पन्नात रक्कम धरली जात असेल तर भागधारकाने तसं घोषणापत्र द्यायचं. पण ५अ च्या जोडप्यांसाठी परिशिष्ट असताना ते लागतं का, यावर इथल्या सीए लोकांतही दोन मतं आहेत. साठ भागधारकांच्या कंपनीने हे आपल्या अंगावर घेऊ नये असं माझं मत.

---

डिचोलीकर

घोषणापत्र आलं तर कंपनीने घ्यायला हवं असं मला अजूनही वाटतं. पण सूचनेत नको, हे पटलं.

---

सुमती_मावशी

माझ्या बहिणीचं सांगते. तिच्या यजमानांना जाऊन चार वर्षं झाली. वॉरंट अजून त्यांच्याच नावाने येतं, बँक घेत नाही, ती ते देवघराच्या खणात ठेवते. कंपनीला सांगितलं तर म्हणतात सक्सेशनचे कागद आणा. वकील म्हणतो मालमत्तेच्या वाटणीसाठी कोर्टात इन्व्हेंटरी करावी लागेल, त्याला वेळ लागेल. तिला साधं एवढंच हवं आहे की ते पैसे बुडत नाहीत ना?

---

रघुवीर_पणजी

बुडत नाहीत, ताई. ते न दिलेल्या लाभांशाच्या खात्यात तिच्या वाट्याची नोंद घेऊन पडून असतात. पण सात वर्षांचं घड्याळ चालू आहे, आणि त्यातली चार गेली. इन्व्हेंटरी कोर्टात होते तेव्हा वेळ लागतो. वारसांमध्ये वाद नसेल आणि आत्ता फक्त शेअर नावावर करायचे असतील, तर विशेष नोटरीसमोर वारसाहक्काचा दस्त करता येतो का ते वकिलाला विचारा. गोव्याचा २०१२ चा वारसा कायदा त्याची तरतूद करतो. बऱ्याच कंपन्या तेवढ्यावर शेअर वारसांच्या नावे करतात. आणि जुनी वॉरंटं फेकू नका. नाव बदललं की ती परत देऊन नवीन रक्कम मागायला उपयोगी पडतात.

शर्वाणी, सूचनेत असंही एक वाक्य घाला की भागधारक हयात नसेल तर वारसांनी आधी कार्यालयाला कळवावं. साठ जणांत दोन-तीन असे निघतीलच.

---

शर्वाणी_फोंडा

पाच निघाले. त्यातली दोन माझ्या घरातलीच.

नोंद दिनांकाबद्दल एक विचारते. एका जुन्या कामगाराने आपले शेअर पुतण्याला द्यायचे ठरवलेत. हस्तांतराचा फॉर्म आमच्याकडे आलाय, पण मंडळाची बैठक सप्टेंबरच्या शेवटी. लाभांश कोणाला?

---

रघुवीर_पणजी

नोंद दिनांकाला रजिस्टरमध्ये जुन्या कामगाराचं नाव, तर हक्क त्याचा. पण फॉर्म आलेला आहे आणि नोंद झालेली नाही, अशा शेअरचा लाभांश कलम १२६ प्रमाणे सरळ त्याच्या खात्यात टाकायचा नाही, न दिलेल्या लाभांशाच्या खात्यात ठेवायचा. जुन्या भागधारकाने "पुतण्याला द्या" असं लेखी दिलं तर मात्र पुतण्याला देता येतो. सोपा उपाय हा की नोंद दिनांकाआधी छोटी बैठक घेऊन हस्तांतर मंजूर करून टाका. १८ सप्टेंबर नोंद दिनांक ठेवलात तर अजून वेळ आहे.

---

काणकोणचो

एवढं सगळं एका कागदावर बसवायचं? मग ती सूचना नाही, पुराण होईल. लोक पहिल्या चार ओळी वाचतात. त्यात पैसे, तारीख आणि खातं आलं पाहिजे. बाकीचं मागच्या पानावर.

---

शर्वाणी_फोंडा

सगळ्यांचं ऐकून हा मसुदा केलाय. वरचा चौकोन प्रत्येकासाठी वेगळा छापणार, इथे ९०० शेअरवाल्याचा टाकतेय.

"फोलिओ क्र. __ | आपले शेअर: ९०० | शेअरमागे लाभांश: १२ रुपये | एकूण: १०,८०० | टीडीएस (१० टक्के): १,०८० | आपल्या खात्यात येणारी रक्कम: ९,७२० रुपये | खाते: शेवटचे चार आकडे __

संचालक मंडळाने २०२४-२५ साठी १०० रुपये दर्शनी किमतीच्या प्रत्येक शेअरवर १२ रुपये (दर्शनी किमतीच्या १२ टक्के) लाभांशाची शिफारस केली आहे. शेअर आपण किती किमतीला घेतला यावर लाभांश अवलंबून नाही. २५ सप्टेंबर २०२५ च्या सभेने मंजूर केल्यास हा लाभांश, १८ सप्टेंबर २०२५ रोजी दिवसअखेर ज्यांचे नाव सभासदांच्या रजिस्टरमध्ये आहे त्यांना मिळेल.

पैसे १० ऑक्टोबर २०२५ पर्यंत वरील खात्यात जमा होतील. खाते नोंदलेले नसल्यास किंवा बँकेने रक्कम परत केल्यास नोंदलेल्या पत्त्यावर वॉरंट पाठवू. वॉरंट तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरावे.

एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात कंपनीकडून मिळणारा लाभांश १०,००० रुपयांपेक्षा जास्त असल्यास १० टक्के टीडीएस कापला जाईल. पॅन नसल्यास किंवा आधारशी जोडलेला नसल्यास २० टक्के. ज्यांना कर लागत नाही त्यांनी फॉर्म १५जी, वय ६० किंवा अधिक असल्यास १५एच, १५ सप्टेंबरपर्यंत द्यावा. परदेशात राहणाऱ्या भागधारकांना १०,००० ची मर्यादा लागू नाही, त्यांच्यासाठी मागील पान पाहावे.

भागधारक हयात नसल्यास वारसांनी कार्यालयाला कळवावे. सात वर्षे न घेतलेला लाभांश आणि त्याचे शेअर सरकारी निधीकडे जातात."

---

सुमती_मावशी

वरचा चौकोन वाचला आणि मला समजलं. पुढचं वाचायला मी बसलेच नसते.

---

प्रमिला_म्हापसा

दोन गोष्टी घाला. खातं बदलायचं असेल तर सहीचं पत्र आणि रद्द चेक, फोनवरून बदल नाही. आणि कंपनी ओटीपी मागत नाही. अशी पत्रं गेली की त्याच आठवड्यात कोणीतरी "लाभांश खात्याची पडताळणी" म्हणून म्हाताऱ्या माणसांना फोन करतं.

---

रघुवीर_पणजी

मसुदा चांगला झाला. एकच सांगतो. वर "एप्रिल ते मार्च या वर्षात" लिहिलंत ते फार बरं केलंत, ते काढू नका. ज्याच्या ७०० शेअरवर आत्ता ८,४०० येतात त्याचं काही कापणार नाही. पण जानेवारीत तुम्ही अंतरिम लाभांश म्हणून शेअरमागे ३ रुपये दिलेत तर त्याचे २,१०० मिळून १०,५०० होतील, आणि तेव्हा टीडीएस सगळ्या १०,५०० वर द्यावा लागेल. २,१०० मधून १,०५० गेलेले बघून तो फोन करणारच. अंतरिम द्यायचा विचार असेल तर मंडळाला हे आत्ताच सांगून ठेवा.

आणि चौकोनात "सभेने मंजूर केल्यास" हे तीन शब्द येऊ द्या. लोक चौकोनच वाचणार, तेव्हा अट तिथेही दिसली पाहिजे.

---

डिचोलीकर

१५ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर अशा दोन तारखा का? लोक गोंधळतील. फॉर्मसाठीही १८ ठेवा.

---

प्रमिला_म्हापसा

मला दोन तारखा बऱ्या वाटतात. फॉर्म तपासायला तीन दिवस लागतातच. अर्ध्या फॉर्मांवर सही नसते.

---

शर्वाणी_फोंडा

तारखांचं ऑफिसात विचारून ठरवते. ओटीपीची ओळ आणि चौकोनातली अट दोन्ही घातली. `SYNB` आणि `CORP` वाल्या अकरा जणांना उद्यापासून फोन करतेय. काकांना मसुदा वाचून दाखवला. "म्हणजे २५० चे नाहीत?" एवढंच म्हणाले आणि मग माझ्याकडून १५एच चा फॉर्म मागून घेतला.

---

काणकोणचो

आत्याचं काय?

---

शर्वाणी_फोंडा

आत्याचे ३०० शेअर, ३,६०० रुपये, टीडीएस नाही, खातं कॅनरात, आयएफएससी जुना. तिला मीच आधी फोन करते.